लॅपटॉपला पिन पटतो, चेहरा पटत नाही

विंडोजच्या लॅपटॉपवर चेहरा दाखवून आत जाण्याची सोय २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ‘विंडोज हॅलो’ या नावाने आली. ती बिघडल्याची तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. कालपर्यंत समोर बसताच लॅपटॉप उघडत होता. मग नवा चष्मा आला, किंवा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर बदलला, आणि आता तो ओळखच दाखवत नाही. पिन टाकला की मात्र निमूटपणे उघडतो. पिन चालतो हे लोक ‘निदान काम अडत नाही’ अशा सुरात सांगतात. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र सगळ्या तक्रारीत तेवढीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कारण पिन आणि चेहरा ही दोन स्वतंत्र कुलपे नाहीत. विंडोज हॅलो सुरू करताना खात्यासाठी एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपच्या ताब्यात राहते. पिन बरोबर आला की चिप ती किल्ली वापरू देते. चेहरा जुळला तरी शेवटी वापरली जाते ती हीच किल्ली. म्हणूनच पिन ठरवल्याशिवाय विंडोज चेहऱ्याची नोंदणी करू देत नाही आणि पिन काढून टाकला तर चेहऱ्याची सोयही जाते. तेव्हा पिन चालत असेल तर खाते, चिप आणि किल्ली तिन्ही शाबूत आहेत. दोष आहे तो कॅमेऱ्याच्या भिंगापासून चेहऱ्याच्या तुलनेपर्यंतच्या वाटेवर, इतरत्र कुठेही नाही.

एवढे लक्षात आले तरी बरेच निरर्थक उपद्व्याप टळतात. पिन बदलून पाहणे, खाते काढून पुन्हा जोडणे, सगळे विंडोज नव्याने बसवणे यांचा या बिघाडाशी संबंध नसतो. `I forgot my PIN` वर उगाच क्लिक करणे तर धोक्याचेच. तिथे मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि इंटरनेट लागते; पासवर्ड विसरलेल्या माणसाचे चालू असलेले एकमेव दारही त्या नादात बंद होऊ शकते.

आता ती वाट. चेहरा ओळखणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावरच्या पट्टीत साधारणपणे दोन कॅमेरे असतात. एक रंगीत, व्हिडिओ कॉलसाठीचा. दुसरा इन्फ्रारेड, म्हणजे माणसाच्या डोळ्याला न दिसणाऱ्या, लाल रंगाच्या पलीकडच्या प्रकाशात पाहणारा. त्याच्याजवळ त्याच प्रकाशाचा एक छोटा दिवा असतो. या दिव्याचा प्रकाश बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, आणि तो डोळ्याला जवळजवळ अदृश्य असला तरी दिव्याकडे थेट पाहिले तर मंद लालसर ठिपका लुकलुकताना दिसतो. लुकलुकण्यालाही अर्थ आहे. एका चित्रात दिवा चालू आणि पुढच्या चित्रात बंद अशी जोडी घेतली की खोलीतला इतर प्रकाश वेगळा काढता येतो आणि चेहऱ्यावर फक्त स्वतःच्या दिव्याने पडलेला उजेड उरतो.

या चित्रात विंडोज आधी चेहरा शोधते आणि डोळे, नाक, तोंड यांच्या खुणा पकडते. मग डोके कॅमेऱ्याकडे वळलेले आहे का ते पाहते. मायक्रोसॉफ्टने दिलेली सवलत दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांची आहे. त्यानंतर चेहऱ्यावरच्या ठरावीक बिंदूंभोवतीचा उजेड-अंधाराचा फरक आकड्यांत मांडून एक आराखडा तयार होतो आणि तो नोंदणीच्या वेळी साठवलेल्या आराखड्याशी ताडला जातो. लॅपटॉपमध्ये फोटो साठवलेला नसतो, हे आकडेच असतात. परक्याला आत सोडण्याची शक्यता लाखात एकापेक्षा कमी असावी ही या यंत्रणेची अट आहे. अट इतकी कडक ठेवल्याची किंमत खऱ्या मालकाला मोजावी लागते: जिवंत चेहरा आहे की चित्र, ही तपासणी धरून मालकाला नाकारण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असावे एवढीच अपेक्षा आहे. म्हणजे दहा-पंधरा वेळांत एकदा चेहरा नाकारला गेला तर तो बिघाड समजू नये.

चष्म्याचा त्रास या वाटेवर सुरुवातीलाच होतो, आणि तो एका प्रकारचा नसतो. सर्वांत सामान्य प्रकार परावर्तनाचा. इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्याच्या शेजारीच असल्याने काचेवरून त्याची चमक सरळ कॅमेऱ्यात परत येऊ शकते आणि नेमक्या डोळ्यांच्या जागी पांढरा डाग पडतो. काचेवर ‘अँटी-रिफ्लेक्टिव्ह’ लेप आहे म्हणून हे होणार नाही असे चष्म्याच्या दुकानात कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नये. तो लेप डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी, म्हणजे ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरसाठी बेतलेला असतो. ८५० च्या आसपास तो कसा वागेल याची हमी त्यात नसते. काही लेप तिथे उलट जास्तच परावर्तन करतात. आरशात स्वच्छ दिसणारी काच इन्फ्रारेड कॅमेऱ्याला धुरकट आरशासारखी दिसू शकते, ती यामुळे.

दुसरा प्रकार प्रकाश अडवण्याचा. इथे डोळ्याचा अंदाज हमखास चुकतो. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा किंवा साधे प्लॅस्टिकचे गॉगल इन्फ्रारेडला बऱ्याचदा जवळजवळ पारदर्शक असतात. याउलट काही फिकट दिसणाऱ्या काचांवर इन्फ्रारेड अडवणारा लेप असतो आणि कॅमेऱ्याला त्यांच्यामागे फक्त काळोख दिसतो. याची घरगुती चाचणी सोपी आहे. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले की बहुतेक मोबाइलवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मध्ये चष्म्याची काच धरल्यावर तो जवळजवळ विझला तर काच इन्फ्रारेड अडवते. रिमोटचा प्रकाश सहसा ९४० नॅनोमीटरच्या जवळचा असतो, लॅपटॉपच्या दिव्याहून थोडा वेगळा. त्यामुळे ही चाचणी कल दाखवते, निवाडा देत नाही. परावर्तनाबद्दल तर ती काहीच सांगत नाही.

तिसरे कारण काचेत नसून मानेत असते, आणि ते क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेली माणसे जवळचे पाहायला काचेचा खालचा भाग वापरतात आणि पडद्याकडे पाहताना नकळत हनुवटी वर करतात. लॅपटॉप मांडीवर किंवा बुटक्या टीपॉयवर असेल तर कॅमेरा आधीच चेहऱ्याच्या खाली असतो. दोन्ही मिळून डोके त्या १५ अंशांच्या बाहेर सहज जाते. चष्मा काढला की मानही सरळ होते आणि लॅपटॉप उघडतो. ठपका मात्र काचेवर येतो. पडदा थोडा मागे कलवून, किंवा क्षणभर थेट कॅमेऱ्याकडे पाहून हा संशय फेडता येतो.

या तिन्ही प्रकारांत एक लक्षण समान असते. कॅमेरा सुरू होतो, लाल ठिपका लुकलुकतो, विंडोज शोध घेत असल्याचे दाखवते आणि मग ओळख पटली नाही, पिन टाका असे सांगते. चष्मा काढल्यावर ओळख पटत असेल तर उपाय विंडोजमध्येच दिलेला आहे. `Settings`, मग `Accounts`, मग `Sign-in options` आणि तिथे `Facial recognition (Windows Hello)` उघडले की `Improve recognition` हे बटण दिसते. ते दाबून चष्मा घालून चेहरा दाखवला की जुन्या आराखड्याला धक्का न लागता नव्या रूपाची भर पडते. चष्मा कधी घालणाऱ्या, कधी न घालणाऱ्या माणसाने दोन्ही रूपे नोंदवावीत. नोंदणी रोजच्या जागी, रोजच्या बैठकीत करावी. खिडकीकडे पाठ करून मुळीच नको, कारण उन्हात भरपूर इन्फ्रारेड असते आणि पाठीमागून ते आले की चेहरा काळवंडतो. ज्या काचा इन्फ्रारेड पूर्ण अडवतात त्यांच्यापुढे मात्र या बटणाचा इलाज चालत नाही. दिसतच नसलेल्या डोळ्यांची नोंद कितीदा केली तरी तुलनेला काही मिळत नाही.

ड्रायव्हरचा बिघाड वेगळ्या जातीचा आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कॅमेरा यांच्यातला दुभाषी. विंडोजकडे कोणत्याही वेबकॅमचे चित्र घेऊ शकणारा एक सर्वसाधारण ड्रायव्हर असतो, त्याची फाइल `usbvideo.inf`. पण चेहरा ओळखण्यासाठी नुसते चित्र पुरत नाही. हा कॅमेरा इन्फ्रारेड आहे, त्याचा दिवा एकाआड एक चित्रात लावता येतो, आणि शेजारचा रंगीत कॅमेरा व हा मिळून एक गट आहे, एवढी माहिती विंडोजला कोणीतरी द्यावी लागते. काही कॅमेरे ती स्वतःच्या फर्मवेअरमधून देतात. बाकीच्यांच्या बाबतीत ती लॅपटॉप-कंपनीने पुरवलेल्या ड्रायव्हरच्या `.inf` फाइलमध्ये लिहिलेली असते. अपडेटमध्ये त्या जागी दुसरा ड्रायव्हर बसला आणि त्यात ही माहिती नसली, तर कॅमेरा चालतो, चित्र देतो, पण विंडोज हॅलोच्या लेखी तो चेहरा ओळखण्याच्या लायकीचा राहत नाही. अशा वेळी `Sign-in options` मध्ये `We couldn't find a camera compatible with Windows Hello Face` असा संदेश येतो.

या ठिकाणी लोक हमखास फसतात. व्हिडिओ कॉलवर चेहरा छान दिसतो, म्हणजे कॅमेरा ठीक आहे, असा त्यांचा निष्कर्ष असतो. कॉलला लागतो तो रंगीत कॅमेरा. इन्फ्रारेड कॅमेरा तर अनेकदा इतर प्रोग्रॅमपासून मुद्दाम लपवलेला असतो. तो बंद पडलाय हे कॉलमध्ये कळण्याचा मार्गच नाही. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ॲपना कॅमेरा नाकारला म्हणून चेहरा चालत नसावा, हा तर्कही चुकीचा. ती परवानगी बंद असली तरी विंडोज हॅलोला कॅमेरा वापरता येतो.

इन्फ्रारेड कॅमेऱ्याची खरी अवस्था `Device Manager` मध्ये दिसते. `Cameras` या गटात दोन नावे असावीत, बहुधा `Integrated Camera` आणि `Integrated IR Camera` अशी किंवा त्यांसारखी, आणि `Biometric devices` मध्ये `Windows Hello Face Software Device`. नाव गायब असेल किंवा त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर चष्म्याचा विचार सोडून द्यावा. कोणता ड्रायव्हर कोणत्या फाइलमधून आला हे पाहायचे तर `Terminal` मध्ये ही आज्ञा द्यावी:

```
pnputil /enum-devices /class Camera
```

प्रत्येक कॅमेऱ्यापुढे `Driver Name` दिसते. `oem` ने सुरू होणारे नाव बाहेरून आलेल्या, बहुधा कंपनीच्या ड्रायव्हरचे असते. `usbvideo.inf` दिसले तर तो सर्वसाधारण ड्रायव्हर. तेवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही, कारण काही लॅपटॉपवर तोच मूळचा असतो. पण चेहरा चालत असताना वेगळे नाव होते हे ठाऊक असेल तर धागा हाती लागला.

दोन्ही कारणे एकाच आठवड्यात येऊन आदळली की गोंधळ खरा होतो. समजा, ४७ वर्षांच्या एका शिक्षिकेने शनिवारी पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा आणला. बुधवारी रात्री लॅपटॉप अपडेट होऊन पुन्हा सुरू झाला आणि गुरुवारी चेहरा चालेना. संशय साहजिकच चष्म्यावर. पहिली परीक्षा म्हणजे चष्मा काढून पाहणे. तरीही उघडत नाही, आणि मुख्य म्हणजे पडद्यावरच्या पट्टीत लाल ठिपका उमटतच नाही. दिवाच लागत नसेल तर तुलना होण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणजे आजच्या बिघाडापुरता चष्मा निर्दोष. `Sign-in options` मध्ये सुयोग्य कॅमेरा सापडत नसल्याचा संदेश आहे. `Device Manager` मध्ये `Integrated IR Camera` वर पिवळा त्रिकोण आहे.

त्या नावावर उजवे क्लिक करून `Properties` मध्ये `Driver` हे पान उघडायचे. `Roll Back Driver` हे बटण दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर अजून जपलेला आहे. तो परत आणायचा. बटण करडे असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेला कॅमेरा ड्रायव्हर तिच्या सपोर्ट पानावरून घ्यावा लागतो. मॉडेल नेमके तेच हवे, कारण एकाच मालिकेतल्या दोन लॅपटॉपमध्येही वेगळ्या बनावटीचे कॅमेरे असतात. त्यानंतर `Restart` करायचे. `Shut down` करून पुन्हा चालू करणे ही तीच गोष्ट नव्हे. `Fast startup` चालू असेल तर बंद करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था साठवून ठेवते आणि चालू होताना तीच उचलते, त्यामुळे ड्रायव्हरची सुरुवात कोऱ्या पाटीवर होत नाही.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. ठिपका लुकलुकला, आणि चष्म्याविना बाईंचा चेहरा लगेच ओळखला गेला. चष्मा घातल्यावर मात्र कधी ओळख पटते, कधी नाही. इथपर्यंत आल्यावरच चष्म्याची पाळी येते, कारण आता दिवा लागतोय, कॅमेरा पाहतोय आणि नकार तुलनेतून येतोय. `Improve recognition` मधून चष्म्यासह नोंद केल्यावर टेबलावर अडचण उरली नाही. संध्याकाळी लॅपटॉप मांडीवर घेतला की अधूनमधून नकार येतो तो मानेमुळे. हाच क्रम उलटा झाला असता, म्हणजे बंद कॅमेऱ्यावर आधी जुनी नोंद `Remove` करून नवी करायचा प्रयत्न झाला असता, तर चालू स्थितीतला आराखडा हातचा गेला असता आणि नवा करता आला नसता. नोंद पुसण्याने पिनला काही होत नाही हे खरे, पण ती पुसावी ती कॅमेरा सापडतोय याची खात्री झाल्यावरच. तोच नकोसा ड्रायव्हर पुन्हा `Optional updates` मध्ये दिसू लागला तर त्याच्यापुढची खूण रिकामी ठेवावी.

ड्रायव्हरच्या नावावर खपणारा, पण ड्रायव्हरचा नसलेला आणखी एक बदल आहे. एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये विंडोज हॅलोला इन्फ्रारेडबरोबर रंगीत कॅमेऱ्यातही चेहरा दिसला पाहिजे अशी अट घातली. फसवणुकीला वाव देणारी CVE-2025-26644 ही त्रुटी बुजवण्यासाठी ते केले गेले. परिणाम असा की पूर्वी मिट्ट काळोखात उघडणारा लॅपटॉप आता अंधारात उघडत नाही, आणि रंगीत कॅमेऱ्यावर सरकपट्टी ओढलेली असेल तर भर दिवसाही नाही. हे ओळखणे अवघड नाही. कॅमेऱ्यांची दोन्ही नावे जागेवर असतात, ठिपका लुकलुकतो, आणि खोलीतला दिवा लावताच चेहरा चालू लागतो. रंगीत कॅमेरा `Device Manager` मधून बंद केला की जुने वागणे परत येते, अशी युक्ती तेव्हा बरीच फिरली. तिने व्हिडिओ कॉल तर बंद पडतातच, शिवाय जी त्रुटी बुजवली तीच पुन्हा उघडी राहते. त्यापेक्षा अंधारात चार-सहा आकडे टाकणे बरे.

जुना ड्रायव्हर आणि कंपनीचा ड्रायव्हर दोन्ही बसवूनही इन्फ्रारेड कॅमेऱ्याचे नाव यादीत येत नसेल तर आधी लॅपटॉपवर कॅमेरा पूर्ण तोडणारे बटण किंवा बायोसमधली सोय आहे का ते पाहावे. तीही नसेल किंवा चालूच असेल तर दोष कॅमेऱ्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या त्याच्या वायरीत असण्याचा संभव अधिक, आणि ते काम दुरुस्ती केंद्राचे. यूएसबीने जोडायचा वेगळा इन्फ्रारेड कॅमेरा घेण्याआधी एक अडथळा ठाऊक असावा. २०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीच्या संशोधकांनी बनावट यूएसबी कॅमेरा जोडून विंडोज हॅलोला चकवून दाखवले होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती आणली. चेहऱ्याची तपासणी अधिक बंदिस्त जागेत करणारी `Enhanced Sign-in Security` ही व्यवस्था असलेल्या लॅपटॉपवर बाहेरचा कॅमेरा चेहऱ्यासाठी चालत नाही. `Sign-in options` मध्ये बाहेरच्या कॅमेऱ्याला मुभा देणारा खटका असतो, पण तो चालू केला की हे जादा संरक्षण जाते, आणि कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तो बहुधा आयटी विभागाच्याच हाती असतो.